नव्वद टक्के कशाचे?

कचरा प्रक्रियेची टक्केवारी हल्ली सगळीकडे वाचायला मिळते: नगरपरिषदेच्या फलकावर, गृहसंकुलाच्या वार्षिक अहवालात, कंपन्यांच्या पर्यावरणविषयक पुस्तिकांमध्ये. ही टक्केवारी ज्यांच्यावरून काढलेली असते त्या वजनकाट्याच्या पावत्या मात्र सहसा कोणी मागत नाही. त्या मागायला हव्यात, कारण एकाच महिन्याच्या त्याच पावत्यांवरून ८७ टक्केही काढता येतात आणि ५३ टक्केही. बहुतेक वेळा यात कोणी खोटी पावती फाडलेली नसते. कुठली पावती कुठल्या रकान्यात धरली, यातच सगळा फरक पडतो.

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ. डायव्हर्जन रेट म्हणजे एकूण कचऱ्यापैकी किती हिस्सा डेपोत जाऊन पडण्यापासून वाचला. भंगारात विकलेला, खत झालेला, बायोगॅसला गेलेला आणि सिमेंट कारखान्याच्या भट्टीत जळण म्हणून गेलेला असा सगळा कचरा त्यात येतो. रिसायकलिंग रेट याहून कडक असतो. ज्या कचऱ्यातून पुन्हा वस्तू तयार झाली, किंवा खत झालं, तेवढाच त्यात धरायचा. जळण त्यात बसत नाही. भागाकारातला छेद दोन्हींना एकच, त्या काळातला एकूण कचरा. त्यामुळे रिसायकलिंग रेट डायव्हर्जन रेटपेक्षा कधीच जास्त येऊ शकत नाही. एखाद्या अहवालात एकच टक्केवारी असेल आणि तिला नुसतंच 'प्रक्रिया' म्हटलं असेल, तर या दोहोंपैकी ती कुठली, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

आता एका महिन्याचा हिशेब मांडू. गाव कल्पित आहे आणि आकडे गोल धरलेले आहेत, पण तालुक्याच्या ठिकाणी घनकचरा केंद्रावर नोंदवही साधारण अशीच असते. महिन्याभरात घंटागाड्यांनी काट्यावरून आत आणलेला ओला कचरा ३०० टन, सुका १२० टन, आणि वर्गीकरण न झालेला मिश्र कचरा ८० टन. एकूण ५०० टन. याशिवाय बांधकामाचा राडारोडा १०० टन आला आणि तो डेपोजवळचा खड्डा भरायला वापरला. अहवाल लिहिणाऱ्याने ओला, सुका आणि राडारोडा यांची बेरीज केली, ५२० टन. तिला ६०० टनांनी भागलं. उत्तर आलं ८६.७ टक्के, आणि फलकावर '८७ टक्के कचऱ्यावर प्रक्रिया' असं रंगवलं गेलं.

पहिली चूक सुक्या कचऱ्यात आहे, आणि ती सर्वांत जास्त आढळते. केंद्राच्या फाटकातून आत आलेलं वजन म्हणजेच प्रक्रिया झालेलं वजन, असं इथे धरलं गेलं. बाजारातून मेथीची जुडी आणली तर ताटात येतात ती निवडलेली पानं. जुडीचं वजन भाजीचं वजन म्हणून कोणी सांगत नाही. सुक्या कचऱ्याच्या शेडमध्येही पट्ट्यावर निवडच होते. आपल्या गावात आलेल्या १२० टनांपैकी भंगारवाल्यांना विकलं गेलं ५४ टन: पुठ्ठा, पेटच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्रा, काच. ३० टन प्लास्टिकच्या वेष्टनांसारखा न विकला जाणारा पण जळणारा माल सिमेंट कारखान्याकडे गेला. केंद्रावर त्याला आरडीएफ म्हणतात. २४ टन रिजेक्ट म्हणून डेपोत गेला: चपला, ओल्या झालेल्या चिंध्या, थर्माकोल, मातीने माखलेला कागद. उरलेला १२ टन महिनाअखेरीस शेडमध्येच पडून होता. हे चार आकडे मिळून १२० होतात, आणि ते असे जुळले तरच नोंदवहीवर विश्वास ठेवता येतो. जुळत नसतील, तर फरकाचा माल कुठे गेला हे आधी शोधायचं, टक्केवारी नंतर काढायची.

पडून राहिलेल्या १२ टनांचं काय करायचं? तो प्रक्रिया झालेला नाही आणि डेपोतही गेलेला नाही. म्हणून या महिन्याच्या हिशेबातून तो अंशातूनही काढायचा आणि छेदातूनही, आणि पुढच्या महिन्याचा आरंभीचा साठा म्हणून लिहायचा. तो मुकाट्याने प्रक्रियेत धरला गेला, की शेड महिनोन्‌महिने भरत राहते आणि टक्केवारी चांगलीच दिसते. मग एक दिवस शेडला आग लागते, नाहीतर पावसात भिजलेला सगळा ढीग डेपोत जातो, आणि त्याची नोंद कुठल्याच महिन्यात येत नाही.

विकलेले ५४ टनही सगळे रिसायकल होत नाहीत. भंगारवाल्याच्या गोदामात पुन्हा एकदा निवड होते. बाटल्यांची झाकणं आणि लेबलं निघतात, पुठ्ठ्यातलं पाणी आणि माती निघते, धुण्यात घट येते. यासाठी आपण ६ टन वजा करू, म्हणजे उरले ४८. ही घट नेमकी किती, हे खरेदीदाराकडून लेखी घ्यावं लागतं, आणि बहुतेक केंद्रांवर ते कोणी घेत नाही. युरोपीय संघाने हा प्रश्न २०१९ साली नियम करून सोडवला. सदस्य देशांनी रिसायकलिंगचं वजन निवड केंद्राच्या फाटकावर न मोजता, माल प्रत्यक्ष पुनर्निर्मितीच्या यंत्रणेत शिरतो त्या ठिकाणी मोजायचं, असं त्या नियमात ठरलं. मोजण्याची जागा पुढे सरकली की कचऱ्यात काहीही बदल न होता आकडा खाली येतो. तसा तो खाली येणं योग्यच आहे, कारण आधीचा आकडा खरा नव्हता.

ओल्या कचऱ्याचा हिशेब थोडा अवघड असतो, आणि इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. आलेल्या ३०० टनांतून निवडताना ३० टन प्लास्टिक, काच, कपडे वगैरे बाहेर काढलं. उरलेला कचरा रांगांमध्ये लावला, पाणी मारलं, उलटापालट केली. दीड-दोन महिन्यांनी चाळणीतून काढला तेव्हा खत मिळालं ४५ टन, आणि चाळणीवर उरलेला न कुजणारा ६० टन माल डेपोत गेला. (महिन्याचा कचरा त्याच महिन्यात खत होत नाही, म्हणून हा हिशेब खरं तर वर्षाचा करावा, इथे समजायला सोपा जावा म्हणून एका महिन्यात बसवला आहे.) उरलेले १६५ टन गेले कुठे? ते हवेत गेले. ओल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. कुजताना त्याची वाफ होते, आणि कार्बनचा मोठा हिस्सा कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो.

मग खत म्हणून किती धरायचं, ४५ की ३००? काही ठिकाणी फक्त ४५ टन धरतात. हा अन्याय आहे, कारण वाफ झालेलं पाणी डेपोत गेलेलं नाही. फुगवणारे पूर्ण ३०० धरतात, आणि रिजेक्ट विसरतात. रुळलेली पद्धत अशी की प्रक्रियेत गेलेल्या वजनातून दोन्ही वेळचा रिजेक्ट वजा करायचा. ३०० वजा ३० वजा ६०, म्हणजे २१० टन. तयार खताचं वजन मात्र तपासणीसाठी हाताशी ठेवायचं. चांगल्या ओल्या कचऱ्यातून साधारण १५ ते २५ टक्के खत निघतं. आपल्या गावात २१० मधून ४५ निघालं, म्हणजे २१ टक्के. हे पटण्यासारखं आहे. वर्षभरात तीन हजार टन ओला कचरा आल्याचं लिहिलं आहे आणि खतविक्रीच्या पावत्या सगळ्या मिळून शंभर टनांच्याही नाहीत, असं दिसलं, तर एकतर कचऱ्याचं वजन फुगलेलं आहे किंवा रांगा लावलेल्या जागी नुसता ढीग साचतो आहे. केंद्रावर जाऊन ढिगात हात घातला तर दहा मिनिटांत कळतं. कुजणारी रांग आतून कढत असते आणि तिला मातीकडे झुकणारा वास येतो. दुर्लक्षित ढीग खालून काळं पाणी सोडतो.

राडारोड्याचे १०० टन मी पूर्ण बाजूला काढतो. वीट-सिमेंटचे तुकडे घरगुती कचऱ्यापेक्षा कितीतरी जड असतात. एक जुना वाडा पाडला की महिनाभराच्या भाजीच्या देठांना तो भारी पडतो. तो खड्ड्यात टाकला की 'वापरला' म्हणून अंशात येतो आणि टक्केवारी कुठल्या कुठे जाते. आपल्याकडे बांधकामाच्या कचऱ्याला २०१६ पासून स्वतंत्र नियम आहेत, तेव्हा त्याची वहीही स्वतंत्रच हवी. अमेरिकेची पर्यावरण संस्था नागरी कचऱ्याच्या हिशेबात तो धरत नाही. तिने २०१८ सालासाठी दिलेला रिसायकलिंग आणि कंपोस्टिंगचा एकत्रित दर ३२.१ टक्के आहे. एखादं शहर ८० टक्क्यांचा दावा करतं तेव्हा त्याच्या बेरजेत राडारोडा आहे का, हे आधी पाहावं.

जुन्या डेपोचं बायोमायनिंग हाही आपल्याकडचा नेहमीचा फुगवटा. वीस वर्षांपूर्वीचा ढीग उकरून त्यातली माती शेताला दिली, प्लास्टिक भट्टीला पाठवलं, तर ते चांगलं काम आहे. पण तो कचरा या महिन्यात निर्माण झालेला नाही. त्याचे शेकडो टन या महिन्याच्या अंशात मिळवले तर टक्केवारी शंभराच्या पुढेही जाऊ शकते. ती शंभराच्या आत ठेवण्यासाठी छेदातही तेच टन मिळवले, तर आजच्या कचऱ्याचं काय होतं हे कळायची सोयच उरत नाही.

डेपोतच जाऊन 'उपयोगी' पडणाऱ्या कचऱ्याचाही असाच प्रश्न आहे, आणि तो कॅलिफोर्नियात बरीच वर्षं गाजला. तिथल्या १९८९ च्या कायद्याने शहरांना २००० सालापर्यंत निम्मा कचरा डेपोपासून वळवायला सांगितलं. डेपोवर रोज संध्याकाळी मातीचा थर द्यावा लागतो. मातीऐवजी बागेतला पालापाचोळा वापरला तर तो डायव्हर्जनमध्ये धरायची मुभा होती. म्हणजे पाला जाणार डेपोतच, पण हिशेबात तो वळवलेला. २०१४ साली कायदा करून ही मुभा काढली, आणि ती २०२० पासून बंद झाली. आपल्या डेपोतला रस्ता करायला किंवा ढिगावर पसरायला वापरलेला माल 'पुनर्वापर' या रकान्यात दिसला, तर हे उदाहरण लक्षात ठेवावं.

आता आपल्या गावाचा हिशेब पुरा करू. छेद: ५०० वजा शेडमधला साठा १२, म्हणजे ४८८ टन. डेपोत गेलेलं: मिश्र ८०, सुक्यातला रिजेक्ट २४, ओल्यातला ३० आणि ६०, एकूण १९४ टन. उरलेले २९४ टन वळवले गेले. २९४ भागिले ४८८, डायव्हर्जन रेट ६०.२ टक्के. रिसायकलिंगसाठी यातून भट्टीला गेलेले ३० टन आणि भंगारवाल्याकडे झालेली ६ टनांची घट वजा केली की उरतात २५८ टन, म्हणजे ५२.९ टक्के. फलकावर ८७ लिहिलं होतं.

इथपर्यंत आपण काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. काट्याच्या पावतीवर तीन वजनं असतात: भरलेल्या गाडीचं, रिकाम्या गाडीचं आणि त्यांच्या वजाबाकीचं. पहिलं आणि तिसरं सगळे पाहतात. चूक असते मधल्यात, ज्याला काट्यावरची माणसं टेअर म्हणतात. गर्दीच्या वेळी प्रत्येक गाडी रिकामी होऊन पुन्हा काट्यावर यावी एवढा वेळ नसतो, म्हणून संगणकात प्रत्येक गाडीचं टेअर एकदाच भरून ठेवतात. ते गाडी नवी होती तेव्हाचं असतं. पुढे गाडीला लोखंडी जाळी बसते, मागे फळ्या लागतात, तळाला चिखल आणि कुजलेल्या कचऱ्याचा थर चिकटतो, टेअरच्या वेळी नसलेला मदतनीस आता केबिनमध्ये बसलेला असतो. समजा खरं टेअर संगणकातल्यापेक्षा ६० किलोंनी जास्त आहे. घंटागाडीच्या एका फेरीत ६०० किलो ओला कचरा धरला, तर ३०० टनांच्या ५०० फेऱ्या होतात. पाचशे गुणिले साठ, म्हणजे ३० टन असा कचरा जो कधी आलाच नाही.

हे ३० टन पुढे कुठेच अडत नाहीत. रिजेक्ट बाहेर जाताना वेगळा मोजला जातो आणि खत पोत्यांत मोजलं जातं. हवेत गेलेलं पाणी मात्र कोणी मोजत नाही. ते वजाबाकीने काढलेलं असतं. म्हणून आत येताना झालेली प्रत्येक चूक त्या वाफेत विरून जाते आणि 'खतावर प्रक्रिया' या रकान्यात जमा होते. आपल्या उदाहरणात हे ३० टन काढले, तर डायव्हर्जन ६०.२ वरून ५७.६ वर येतं आणि रिसायकलिंग ५२.९ वरून ४९.८ वर. बाहेर जाणाऱ्या रिजेक्टच्या गाडीत चूक उलट्या दिशेने झाली, म्हणजे टेअर खऱ्यापेक्षा जास्त धरलं गेलं, तर डेपोत गेलेलं वजन कमी दिसतं आणि टक्केवारी पुन्हा वरच जाते. उपाय साधा आहे: महिन्यातून एकदा, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला, प्रत्येक गाडी रिकामी काट्यावर घ्यायची आणि वैधमापन विभागाचा शिक्का मुदतीत आहे का ते पाहायचं.

जिथे काटाच नाही तिथे फेऱ्या गुणिले गाडीची क्षमता असा हिशेब चालतो. यात सुका कचरा सर्वांत जास्त फुगतो. बाटल्या आणि खोक्यांनी गच्च भरलेल्या गाडीत तिच्या क्षमतेच्या तिसऱ्या हिश्शाएवढंही वजन नसू शकतं. त्याहून वाईट म्हणजे यंत्राची क्षमता हेच प्रक्रियेचं प्रमाण म्हणून लिहिणं. 'रोज २० टन क्षमतेचा प्रकल्प' म्हणजे रोज २० टन कचऱ्यावर प्रक्रिया झाली असं होत नाही. यंत्र बंद पडलं त्या आठवड्यातही क्षमता तेवढीच राहते.

घरातून परस्पर भंगारवाल्याला गेलेल्या रद्दीचा प्रश्न मात्र प्रामाणिक आहे. ती नगरपरिषदेच्या काट्यावर कधीच येत नाही, पण ती रिसायकल होते, आणि कचरावेचक आणि भंगारवाले यांच्या या कष्टांची नोंद व्हायलाच हवी. गावातल्या भंगारवाल्यांच्या खरेदीच्या वह्यांवरून ४० टन निघाले असं धरू. ते फक्त अंशात मिळवले तर २९८ भागिले ४८८, म्हणजे ६१.१ टक्के. पण ही रद्दीही गावातच निर्माण झाली, म्हणून ती छेदातही यायला हवी: २९८ भागिले ५२८, म्हणजे ५६.४ टक्के. वरचा-खालचा असा दोन्हीकडे मिळवायचा हा नियम घरच्या घरी केलेल्या खतालाही लागू आहे. त्यात आणखी एक काळजी घ्यावी. हाच माल आधी प्रभागाच्या निवड शेडवर आणि मग मुख्य केंद्रावर असा दोनदा मोजला जाऊ नये.

सगळ्या चुका पकडायची एक वाट आहे. डायव्हर्जन दोन रस्त्यांनी काढायचं. एकदा वजाबाकीने: आलेल्या कचऱ्यातून डेपोत गेलेला वजा. एकदा बेरजेने: विक्रीच्या पावत्या, भट्टीच्या पावत्या आणि रिजेक्ट वजा केलेला ओला कचरा. नुसत्या वजाबाकीवर थांबलं, तर डेपोच्या काट्यावर जे आलं नाही ते सगळं वळवलेलं ठरतं, मग तो कचरा रात्री नाल्यात टाकलेला असो की शेडमागे जाळलेला. बेरजेला मात्र प्रत्येक टनामागे कुणाची तरी सही लागते. दोन्ही उत्तरांत दोन-तीन टक्क्यांचा फरक असेल तर नोंदी ठीक आहेत. फरक पंधरा-वीस टक्क्यांचा असेल, तर तेवढा कचरा कुठे गेला हे कुणालाच माहीत नाही.

आपल्या गावाची टक्केवारी तपासायची असेल, तर माहितीच्या अधिकारात टक्केवारी मागू नका. एका महिन्याचं आवक रजिस्टर, डेपोत गेलेल्या रिजेक्टच्या काटापावत्या, भंगार, आरडीएफ आणि खत यांच्या विक्रीच्या किंवा जावक पावत्या, महिन्याच्या सुरुवातीचा आणि अखेरचा साठा, आणि गाड्यांचं टेअर शेवटचं कधी घेतलं ती तारीख, एवढंच मागा. भागाकार घरी बसून करता येतो.